‘टोल अन्यायकारक आहे, कारण ती लूट आहे’: हे कारण झालं की तेच वाक्य पुन्हा?

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गालगतचं गाव. इथून गाडी काढून पुण्याकडे निघालं की काही किलोमीटरवर खेड-शिवापूरचा टोलनाका लागतो. हा नाका हटवावा, निदान आसपासच्या लोकांना तरी टोल माफ करावा, ही मागणी अनेक वर्षं सुरू आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यासाठी मोठं आंदोलन झालं आणि त्यानंतर एमएच १२ आणि एमएच १४ क्रमांकाच्या गाड्यांना सवलत देण्यात आली. तरीही वाद थांबलेला नाही. टोलचा विषय निघाला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि फेसबुकवर दोन्ही बाजूंचे मेसेज फिरायला लागतात.

या मेसेजमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. तेच म्हणणं दोन-तीनदा येतं. अशा वेळी वाचणारा पटकन म्हणतो, ‘हे गोल गोल फिरतंय, यात मुद्दाच नाही.’ कधी ते खरं असतं. पण कधी मुद्दा असतो आणि तो नुसता जोर देऊन पुन्हा सांगितलेला असतो. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

तीन नमुने

टोलच्या वादात साधारणपणे जे मांडलं जातं, त्याचे तीन नमुने पाहू.

पहिला: ‘खेड-शिवापूरचा टोल अन्यायकारक आहे, कारण ही स्थानिकांची सरळसरळ लूट आहे.’

दुसरा: ‘वरव्याच्या माणसाला दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, बाजारासाठी पुण्याला जावंच लागतं. तो महामार्गाचा अगदी छोटा तुकडा वापरतो. तरी त्याला लांबून येणाऱ्याइतकाच टोल द्यावा लागतो. हा टोल अन्यायकारक आहे. अन्यायकारक आहे म्हणजे आहेच!’

तिसरा, विरुद्ध बाजूचा: ‘टोल भरलाच पाहिजे, कारण तो कायदेशीर आहे. बेकायदा असता तर सरकारने वसूल कशाला केला असता?’

पहिल्या नमुन्यात ‘कारण’ हा शब्द आहे, पण कारण नाही. ‘लूट’ म्हणजे अन्यायाने घेतलेला पैसा. म्हणजे वाक्याचा अर्थ एवढाच उरतो: हा टोल अन्यायकारक आहे, कारण तो अन्यायाने घेतला जातो. जे सिद्ध करायचं होतं तेच शब्द बदलून कारणाच्या जागी बसवलं आहे.

दुसऱ्या नमुन्यात ‘अन्यायकारक’ हा शब्द दोनदा आला आहे. वरवर पाहता यातच जास्त पुनरुक्ती दिसते. पण हे चक्र नाही. शेवटचं वाक्य खोडून टाका. तरी तीन कारणं जागेवर राहतात: जाणं अटळ आहे, रस्ता थोडाच वापरला जातो आणि टोल मात्र तेवढाच आहे. ‘आहे म्हणजे आहेच’ हा फक्त आवाज चढवणं झालं.

तिसरा नमुना सगळ्यात फसवा, कारण त्यातलं चक्र एका वाक्यात दिसत नाही. टोल का भरायचा? कायदेशीर आहे म्हणून. कायदेशीर कशावरून? सरकार वसूल करतंय यावरून. पण समोरच्याचा आक्षेप नेमका तोच आहे: वसुली होतेय खरी, पण ती नियमाला धरून आहे का? सरकार जे वसूल करतं ते नियमाला धरूनच असतं, हे इथे न सांगता गृहीत धरलं आहे. ज्याला ते मान्य असतं त्याने वादच घातला नसता.

न्यायशास्त्राने केलेला भेद

हा फरक आपल्याकडच्या तर्कपरंपरेत फार पूर्वी नोंदवलेला आहे. प्राचीन न्यायशास्त्रात अनुमान पाच पायऱ्यांत मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. गंमत अशी की पहिली पायरी आणि शेवटची पायरी जवळपास एकच असते. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

म्हणजे सुरुवातीचं विधान शेवटी पुन्हा सांगणं ही इथे चूक नाही, ती ठरलेली रीत आहे. सुरुवातीला तो नुसता दावा असतो. शेवटी मात्र तो हेतूच्या आधारावर उभा असतो. न्यायसूत्रं वादातल्या पराभवाच्या जागा सांगतात, त्यांत ‘पुनरुक्त’ ही एक आहे. पण तिथेही काही उद्देशाने केलेला पुन्हा उल्लेख वेगळा काढला आहे. त्याला ‘अनुवाद’ म्हणतात. भाषांतर या आजच्या अर्थाने नव्हे, तर सांगितलेलं सकारण पुन्हा सांगणं या अर्थाने.

दोष कुठे होतो? हेतूच जेव्हा साध्याइतका अनिश्चित असतो तेव्हा. त्याला ‘साध्यसम’ म्हणतात. आग आहे की नाही याचाच वाद असताना ‘कारण तिथे जळतंय’ असं कोणी म्हटलं, तर ऐकणारा जिथे होता तिथेच राहतो. धूर मात्र आग न मानणाऱ्यालाही दिसतो. सगळी मेख इथेच आहे.

मग ओळखायचं कसं?

एखादा मेसेज समोर आला की तीन गोष्टी क्रमाने कराव्यात.

आधी दावा कोणता ते एका ओळीत लिहा. ‘लूट’, ‘खंडणी’, ‘फुकटे’, ‘देशद्रोही’ असे शब्द असतील तर त्यांच्या जागी साधा शब्द घाला. ‘लूट’च्या जागी ‘पैसे घेणं’ लिहा. पहिला नमुना मग असा होतो: ‘हा टोल अन्यायकारक आहे, कारण इथे स्थानिकांकडून पैसे घेतले जातात.’ कारण किती तोकडं आहे ते लगेच दिसतं.

मग दाव्याचा पुन्हा उल्लेख जिथे जिथे असेल तिथे खोडा आणि उरलं काय ते पाहा. काही उरलं तर पुनरुक्ती जोर देण्यासाठी होती. काहीच उरलं नाही तर ते चक्र आहे.

शेवटी उरलेल्या कारणाला एक प्रश्न विचारा: ज्याला हा दावा मान्य नाही, तो हे कारण तरी मान्य करू शकेल का, किंवा तपासून पाहू शकेल का? ‘वरव्याचा माणूस महामार्गाचा थोडाच भाग वापरतो’ हे टोलचा समर्थकही नकाशावर पाहू शकतो. ‘ही लूट आहे’ हे त्याला दावा मान्य केल्याशिवाय मान्य करता येत नाही.

‘कारण’ किंवा ‘म्हणून’ हे शब्द दिसले म्हणजे युक्तिवाद झाला असं समजू नये. ‘थोडक्यात’, ‘म्हणजेच’, ‘पुन्हा सांगतो’ असे शब्द असले तर लिहिणारा स्वतःच सांगतोय की हे नवं कारण नाही. त्याला चक्राचा दोष देणं बरोबर नाही.

चक्र नसलेला मुद्दा चुकीचा ठरू शकतो

चक्र नाही म्हणजे मुद्दा बरोबर, असंही नाही. दुसरा नमुना पुन्हा घ्या. ‘लांबून येणाऱ्याइतकाच टोल द्यावा लागतो’ हे कारण तपासता येतं, आणि तपासलं की ते अडचणीत येतं. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांत नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बिगरव्यावसायिक वाहनांसाठी मासिक पासची तरतूद आहे. २००७-०८ हे पायाभूत वर्ष धरून त्याचा दर महिना १५० रुपये ठरवला होता आणि तो दर वर्षी सुधारला जातो. वर २०२० मध्ये सवलतही देण्यात आली. मग समर्थक उत्तर देऊ शकतो, आणि विरोधकाला सांगावं लागतं की सवलत प्रत्यक्षात कशी मिळते, व्यावसायिक गाड्यांचं काय, पासचेही पैसे का. वाद पुढे सरकतो. पहिल्या नमुन्याला असं उत्तरच देता येत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काही नाही.

तिसरा नमुनाही दुरुस्त करता येतो. ‘सरकार वसूल करतंय म्हणून कायदेशीर’ याऐवजी समर्थकाने आधार दाखवावा: राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मधलं कलम ७ सेवा आणि लाभांसाठी शुल्क घेण्याचा अधिकार देतं. आता विरोधकालाही धरायला काहीतरी मिळतं. शुल्क सेवेसाठी आहे, तर सेवा मिळतेय का, असं तो विचारू शकतो.

केरळमध्ये नेमकं हेच झालं. त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली केरळ उच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी चार आठवड्यांसाठी थांबवली, आणि त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळलं. तिथे ‘टोल म्हणजे लूट’ हे कारण नव्हतं. रस्ता विनाअडथळा वापरायला मिळणं आणि टोल घेण्याचा हक्क यांची सांगड आहे, आणि रस्ता तर कामांमुळे कोंडीत अडकला आहे, असा तो धागा होता. कोंडी आहे की नाही हे कोणालाही पाहता येतं. म्हणूनच परिस्थिती बदलल्यावर, ऑक्टोबरमध्ये, वसुलीला पुन्हा परवानगीही मिळाली.

उलटी चूकही टाळायला हवी

चक्र ओळखायला शिकलेला माणूस कधीकधी सगळीकडेच चक्र पाहतो. हा युक्तिवाद बघा: २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला पास मिळू शकतो, वरवे त्या अंतरात आहे, म्हणून इतर अटी पूर्ण होत असतील तर वरव्याच्या रहिवाशाला पास मिळू शकतो. निष्कर्ष आधीच्या दोन वाक्यांत दडलेला आहे हे खरं. पण नियम नियमावलीत वाचता येतो, अंतर नकाशावर मोजता येतं आणि दोन्हींसाठी निष्कर्ष आधी मानावा लागत नाही. म्हणून यात दोष नाही.

तेच वाक्य एका ठिकाणी चक्र आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता जोर असू शकतं. सभेत सगळी कारणं सांगून झाल्यावर ‘ही लूट आहे!’ म्हटलं तर तो समारोप आहे. त्याच भाषणातली ती एक ओळ कापून रील फिरवली, की ऐकणाऱ्याला ते कारण वाटतं. अशा वेळी दोष बोलणाऱ्याचा की कापणाऱ्याचा, हे पूर्ण भाषण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि एखाद्याचा युक्तिवाद चक्राकार निघाला म्हणजे त्याचा दावा खोटा ठरला, असं होत नाही. खेड-शिवापूरचा टोल न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न पहिल्या नमुन्याने सुटत नाही आणि त्या नमुन्यातली चूक दाखवूनही सुटत नाही. त्यासाठी नियम, अंतर, रस्त्याची अवस्था आणि मिळणारी सवलत यांच्याकडेच जावं लागतं.