नळ तुमचा, पाइप कोणाचा?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दाराखालून एक पत्र सरकवलेलं मिळालं. वहीचे दोन फाडलेले कागद, निळ्या शाईतलं सुंदर अक्षर आणि वर ठळक मथळा: 'दुरुस्तीबाबत'. आम्ही तिघं आपट्याला स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. (हो, 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवटचा सीन झाला तेच स्टेशन. पाहुणे आले की आधी हेच सांगावं लागतं.) घरमालक काका पुढच्या भागात राहतात. रोज दिसतात, बोलतात, तरी पत्र लिहिलं, कारण आदल्या आठवड्यात बाथरूमच्या भिंतीवरून आमची त्यांच्याशी जरा खडाजंगी झाली होती.

तुमच्यापैकी जे हॉस्टेलबाहेर राहतात त्यांना हे भांडण पाठ असेल. काहीतरी बिघडतं, मालक म्हणतो 'तुम्ही वापरताय ना', तुम्ही म्हणता 'घर तुमचं आहे ना', आणि पाणी गळत राहतं. म्हणून काकांनी लेखी लिहून दिलं हेच आम्हाला आवडलं. मजकूरही बराचसा रास्त आहे. छपराची शाकारणी, वासे-रीप, पन्हळ, भिंती, बोअरची मोटर आणि मीटरपासून स्विचबोर्डापर्यंतची वायरिंग 'माझ्याकडे'. नळाचे वॉशर, बल्ब, बटणं, खिडकीची फुटलेली काच, दाराच्या कड्या आणि भाताने तुंबलेली मोरी 'तुमच्याकडे'. शाकारणी त्यांनी पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे. कोकणात राहणाऱ्या माणसाला काय आधी लिहावं ते बरोबर कळतं. पावसाआधी कौलं काढून, फुटलेली बदलून, पुन्हा नीट बसवली नाहीत तर खाली राहणाऱ्याने कितीही बादल्या लावल्या तरी उपयोग नसतो.

घोळ दुसऱ्या पानावर आहे. तिथे एक ओळ आहे: 'दोन हजार रुपयांपर्यंतची कोणतीही दुरुस्ती भाडेकरूने करावी.' वाचताना ही ओळ समजूतदार वाटते. लहान खर्च तुमचा, मोठा माझा. आम्हीही मान डोलावली होती. मग बाथरूमच्या भिंतीचं बिल आलं, अठराशे रुपये.

ती भिंत सांगतो, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे. बाथरूम आणि झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीवर खोलीच्या बाजूने ओलीचा डाग आला होता, जमिनीपासून साधारण गुडघ्याएवढा. काकांचं म्हणणं, तुम्ही आत कपडे वाळत घालता म्हणून ओल येते. हे अगदी खोटं नाही. बंद खोलीत ओले कपडे टाकले की हवेतली वाफ भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. पण ती बुरशी कपाटामागे, कोपऱ्यात, वरच्या बाजूला, काळ्या ठिपक्यांनी येते. आमचा डाग एकाच जागी होता, खालून वर चढत होता आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून होता. म्हणजे कौलंही सुटली. राहिलं नळाचं पाणी.

नळाचं पाणी कुठे मुरतंय हे शोधायला प्लंबर लागत नाही, एक रात्र लागते. आमची टाकी ५०० लिटरची आहे. रात्री अकराला मोटर बंद, सगळे नळ बंद, आणि टाकीत पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ. सकाळी सहाला पाणी रेघेच्या चार बोटं खाली. कोणी उठलं नव्हतं, कोणी फ्लश केलं नव्हतं. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यायचा, कारण तिचं वॉशर झिजलं की पाणी आवाज न करता भांड्यात जात राहतं, आणि ते वॉशर तुमच्या यादीतलं आहे. दुसऱ्या रात्री फ्लशकडे जाणारा अँगल कॉक बंद करून पुन्हा रेघ मारली. पाणी पुन्हा तेवढंच उतरलं, म्हणजे फ्लश निर्दोष. तिसऱ्या रात्री टाकीतून खाली येणारा व्हॉल्व्हच बंद केला. सकाळी पाणी रेघेवर जसंच्या तसं. टाकी फुटलेली नाही, फ्लश गळत नाही, नळ थेंबत नाहीत. पाणी जातंय ते व्हॉल्व्ह आणि नळ यांच्यामध्ये, भिंतीतल्या पाइपमधून.

प्लंबरने प्लास्टर फोडलं तेव्हा आत जुना जीआयचा पाइप निघाला, एल्बोशी गंजून चाळणी झालेला. तेवढा तुकडा कापून नवा टाकायला आणि प्लास्टर लिंपायला मिळून अठराशे. आमच्यातल्या कोणीही तो पाइप पाहिलाही नव्हता, हात लावणं दूरच. तरी पत्राच्या दुसऱ्या पानाप्रमाणे खर्च आमचा, कारण आकडा दोन हजारांच्या आत.

आमचं स्पष्ट मत आहे की आकड्यावरून वाटणी करणंच चूक आहे. विचारायला हवं ते एवढंच, की हे कशामुळे बिघडलं? रोज वापरून झिजणारी, हाताखालची वस्तू आपण बदलावी. भिंतीत गाडलेली, घराच्या वयाने खराब होणारी वस्तू मालकाने. हाच न्याय उलटाही लागतो. आपल्यापैकी कोणी भिंतीत खिळा ठोकताना पाइप फोडला, तर पाइप भिंतीतला असला तरी बिल आपलं, मग ते पाच हजार का असेना. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्याच्या अनुसूचीतली वाटणीही साधारण अशीच आहे. पाइप बदलणं, वायरिंग, भिंतींची सफेदी मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, स्विच, काचा, मोरीची सफाई भाडेकरूकडे. गिझरची दुरुस्ती तिथे भाडेकरूकडे आहे, हे वाचून आमचा एक रूममेट नाराज झाला. पण तो नुसता नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात चालतो तो १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा.

या कायद्याचं कलम १४ वाचून ठेवा, छोटंसं आहे. वेगळा करार केलेला नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने हयगय केली, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं, आणि तरीही काही हललं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायचा. कापायला मर्यादा आहे, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आमचं भाडं महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,०००, म्हणजे एका वर्षात जास्तीत जास्त १८,०००. अठराशेचं बिल त्यात सहज बसतं. पावत्या मात्र हव्यातच, कारण हिशेब त्यांच्यावरच उभा राहतो.

आता गोम. 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द पुन्हा वाचा. 'दोन हजारांपर्यंत सगळं तुमचं' असल्या ओळीखाली तुम्ही सही केलीत की तो झाला वेगळा करार. दुसरी गोम अशी की हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही, अनुसूचीत नाव असलेल्या भागांनाच आहे. बाकी ठिकाणी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. त्याच्या कलम १०८ मध्येही नोटीस देऊन दुरुस्ती करण्याची आणि भाड्यातून खर्च वळता करण्याची सोय आहे, पण फक्त 'मालक ज्या दुरुस्तीला बांधील आहे' तिच्यापुरती. आणि बांधील कशाला, ते मुख्यतः तुमच्या करारातच लिहिलेलं असतं. करारात काहीच नसेल तर हातात फार काही उरत नाही. म्हणूनच आपट्यासारख्या गावात राहणाऱ्याला काकांचं ते वहीतलं पत्र पनवेलच्या एखाद्या फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. 'शाकारणी माझ्याकडे' हे त्यांच्या सहीने कागदावर आलं.

तुमच्या कागदाचं नावही बघा. 'भाडेकरार' आहे की 'लिव्ह अँड लायसन्स'? अकरा महिन्यांचे बहुतेक कागद दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसताच, परवानाधारक असता, आणि कलम १४ चा आधार मिळत नाही. तिथे दुरुस्तीची यादी कागदातच घालून घ्यावी लागते. प्रकार कुठलाही असो, कागद नोंदवून घेणं १९९९ च्या कायद्याने मालकाची जबाबदारी केली आहे. एजंट 'काही गरज नाही' म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

पत्रातली रंगाची ओळही आम्हाला खटकली. घर सोडताना रंगाचा खर्च डिपॉझिटमधून, असं काकांनी लिहिलंय. दोन वर्षांत रंग फिका पडणं ही नेहमीची झीज, आणि १८८२ चा कायदाही झीज भाडेकरूच्या डोक्यावर टाकत नाही. पोस्टर चिकटवून पापुद्रे काढले असतील तर गोष्ट वेगळी. त्यासाठी राहायला आल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचा. आम्ही काढले नव्हते. त्यामुळे टीव्हीमागचा ओरखडा आमचा की आधीच्या पोरांचा, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि तो बहुधा आम्हीच भरू.

काकांना आम्ही उत्तरही लेखीच दिलं, एका पानाचं. तीन रात्रींच्या रेघांचे फोटो, गंजलेल्या एल्बोचा फोटो, प्लंबरची पावती, आणि एक विनंती: दोन हजारांच्या ओळीऐवजी 'भाडेकरूच्या वापराने किंवा चुकीने झालेली दुरुस्ती भाडेकरूची, बाकी मालकाची' असं लिहावं, दोघांनी सह्या कराव्यात आणि कागद कराराला जोडावा. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. एल्बोचा फोटो मोठा करून पाहिला. म्हणाले, हा पाइप वडिलांनी टाकलेला. मग अठराशे जुलैच्या भाड्यातून कापायला सांगितले आणि दोन हजारांची ओळ स्वतः खोडून शेजारी सही केली. रंगाचं मात्र 'बघू पुढे' म्हणाले. आणि जाता जाता, कपडे आत वाळत घालू नका, हे पुन्हा सांगून गेले.