उत्तर चुकले, तरी गुण उरतात

सीबीएसईच्या गणिताच्या गुणदान योजनेत उत्तराच्या पायऱ्यांपुढे समासात अर्धा, एक असे गुण छापलेले असतात. समजा, २४० किलोमीटरच्या प्रवासात वेग ताशी २० किलोमीटरने वाढवल्यास एक तास वाचतो, तर मूळ वेग किती? पाच गुणांची वाटणी अशी धरू: समीकरण मांडण्यास २, x² + 20x − 4800 = 0 या रूपास १, अवयवांस १ आणि ऋण मूळ नाकारून उत्तर देण्यास १. मुलाने मधल्या पदाचे चिन्ह उलट लिहिले, तर ६० ऐवजी ८० येतात. परंतु एका चुकीचे गुण एकदाच कापावेत, अशी परीक्षकांस सूचना असते. पुढील रीत शुद्ध असल्यास ४ गुण पदरी पडतात. कोणतीही पायरी न दाखवता नुसते ‘८०’ लिहिणाऱ्यास मात्र शून्य.