बीपीची गोळी, विडीचा झुरका आणि मधे सापडलेली किडनी

विहारातल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी एक दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याबद्दल लिहिलेच पाहिजे. पन्नाशीतले एखादे भाऊ येतात, दाराबाहेर विडी विझवतात, चपला काढतात आणि रांगेत बसतात. रांग मोठी, त्यामुळे अर्धा तास तरी जातो. मग नंबर लागतो, दंडाला पट्टा बांधतात, यंत्रावर आकडा येतो १३६/८४. "गोळी चालू आहे ना? मग ठीक आहे," असे आपला कार्यकर्ता म्हणतो, कागदावर टिक करतो. भाऊ खुशीत बाहेर पडतात आणि पायरीवरच दुसरी विडी पेटवतात.

आमचे मत असे आहे की या तपासणीने त्या माणसाची दिशाभूल केली. यंत्र खोटे बोलले नाही. बीपी मोजण्याआधी अर्धा तास विडी, चहा घेऊ नये आणि शांत बसावे, हा नियमच आहे. पण त्यामुळे आपण मोजला तो त्या माणसाचा विडीविना असलेला बीपी. त्याची किडनी दिवसभर सोसते तो बीपी वेगळाच असतो.

विडी किंवा सिगारेट ओढली की तंबाखूतले निकोटिन काही क्षणांत मेंदूपर्यंत पोचते. अंगात अड्रेनालिन सुटते, नाडी वेगाने चालू लागते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वरचा बीपी साधारण दहा, कधी वीस अंकांनीही चढतो आणि खाली यायला अर्धा तास तरी लागतो. सकाळची पहिली विडी सगळ्यांत जोराची, आणि आपल्याकडे ती चहाबरोबर, बीपीची गोळी पोटात जाण्याआधीच ओढली जाते. दिवसाला वीस विड्या ओढणाऱ्याचा ढोबळ हिशेब केला तर जागेपणीचे आठ-दहा तास त्याचा बीपी चढलेलाच असतो. विडी छोटी म्हणून कमी बाधते, हा समजही सोडून द्यावा. तेंदूच्या पानातली विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, किंबहुना जास्तच आत जाते.

आता हे किडनीला का बाधते ते पाहू. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी. तिच्या तोंडाशी एक बारीक धमनी असते आणि ती नळाच्या चावीसारखे काम करते. बाहेर दाब वाढला की ही चावी आवळते, म्हणून आतल्या नाजूक गुंडाळीवर धक्का येत नाही. निरोगी माणसाचा बीपी विडीने चढला तरी ही चावी बरेचसे सांभाळून घेते. पण ज्याला वर्षानुवर्षे बीपी आहे, त्याच्या या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ झालेल्या असतात. चावी नीट फिरत नाही. काही गाळण्यांना रक्तच कमी पोचते आणि त्या सुकतात. उरलेल्यांवर दाब थेट आदळतो आणि त्या फाटक्या चाळणीसारख्या गळू लागतात. त्यातून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत उतरते. बीपीने चावी बिघडवली आणि विडी दिवसातून वीस वेळा तिच्यावर घण घालते, असे हे दुहेरी काम आहे. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला प्राणवायू कमी करतो, धुराने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते, आणि तंबाखूतला कॅडमियम हा धातू किडनीत जाऊन बसला की वर्षानुवर्षे तिथून हलत नाही.

म्हणूनच "गोळी घेतोय, विडी चालेल" हा हिशेब चुकतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॉ. डोनाल्ड वेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र बीपी असलेल्या रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधांनी बीपी खाली आणल्यानंतरही धूम्रपान करणाऱ्यांची किडनी इतरांपेक्षा वेगाने खालावत होती.

आमच्याच वस्तीतल्या एका भावांचे कागद त्यांच्या परवानगीने इथे मांडतो. ते रंगकाम करतात. पंचेचाळिसाव्या वर्षी डोके दुखते म्हणून गेले तेव्हा बीपी निघाला १७०/१०४. अम्लोडिपिनची गोळी सुरू झाली आणि ती त्यांनी इमानदारीने घेतली. रोजच्या विड्या वीस-बावीस. विडीबद्दल डॉक्टरांनी एकदाच विचारले, तेही खोकल्याच्या संदर्भात.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तातले क्रिएटिनिन आले १.१. पन्नासाव्या वर्षी १.३. प्रयोगशाळेच्या कागदावर पुरुषांसाठी १.३ पर्यंत नॉर्मल छापलेले होते, म्हणून दोन्ही वेळा "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून घरी आले. बावन्नाव्या वर्षी क्रिएटिनिन १.६ झाले, कागदावर आकडा ठळक छापून आला आणि घरात रडारड झाली.

पण किडनी बावन्नाव्या वर्षी बिघडली नव्हती. क्रिएटिनिनवरून वय आणि स्त्री-पुरुष धरून किडनीची गाळण्याची ताकद काढता येते. तिला ईजीएफआर म्हणतात आणि पुष्कळ प्रयोगशाळा आता तो आकडा रिपोर्टवर छापतात. या भावांचा तो आकडा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ८३ होता, पन्नासाव्या वर्षी ६७ आणि बावन्नाव्या वर्षी ५२. वयोमानाने हा आकडा वर्षाला साधारण एकाने उतरतो. इथे तो वर्षाला आठने उतरत होता, आणि पहिली सोळाची घसरण "नॉर्मल" या शब्दाखाली झाकली गेली. याच वेगाने गेले असते तर वयाच्या सत्तावन्नच्या आसपास आकडा १५ च्या खाली गेला असता. डायलिसिसची भाषा तिथे सुरू होते.

त्या काळात त्यांना काही त्रास होत होता का? नाही. रंगाचे डबे घेऊन चार मजले चढत होते. किडनी दुखत नाही. पायावर सूज, भूक मरणे, दम लागणे ही लक्षणे बहुधा फार उशिरा येतात. एकच खूण त्यांना आठवते, लघवीला साबणासारखा फेस यायचा आणि तो लवकर विरायचा नाही. ती खूण लघवीतून प्रथिन जात असल्याची असू शकते. त्या वेळी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कोणी सांगितली नाही. बावन्नाव्या वर्षी ती झाली, आकडा आला ४२०. हा आकडा ३० च्या आत असावा लागतो, ३०० च्या वर गेला तर गळती मोठी समजतात.

या तपासणीला लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, थोडक्यात एसीआर म्हणतात. साधी पट्टी बुडवून करतात ती तपासणी सुरुवातीची थोडी गळती दाखवत नाही, म्हणून नाव घेऊन एसीआर मागावी. ताप किंवा लघवीला जळजळ असताना करू नये, आकडा खोटाच वाढलेला येतो. जास्त आला तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून खात्री करतात.

आम्हाला इथे अडते ते हे. आपल्या शिबिरांत बीपीचे यंत्र आहे, साखरेची पट्टी आहे, पण विडी किती आणि शेवटची कधी ओढली हे विचारायला कागदावर रकानासुद्धा नाही. तंबाखूवर बोलायचे तर आपण तोंडाच्या कॅन्सरचे भीतीदायक चित्र लावतो. ते पाहून माणूस म्हणतो, मी खर्रा खात नाही, मी तर फक्त ओढतो. किडनीचे नाव कोणी काढत नाही. आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. कागदावर विडीचा रकाना हवा. आणि ज्याला बीपी आहे व जो ओढतो, त्याला ईजीएफआर आणि एसीआर या तपासण्यांसाठी सरकारी दवाखान्यात नेऊन सोडणारा कार्यकर्ता हवा, नुसती चिठ्ठी नको.

विडीबद्दल बोलताना जीभ जड होते, हेही कबूल करतो. विडीने आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटवल्या. कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांच्यामुळे 'जय भीम' हे अभिवादन आपल्या तोंडी रुळले, त्यांनीच विडी कामगारांची संघटना बांधली होती. विडी वळणाऱ्या आयाबायांचा अवमान आम्हाला करायचा नाही. आणि काही उपासक पाचव्या शिलाचा दाखला देतात, तोही आम्ही ओढूनताणून देणार नाही. ते शील शब्दशः मद्याबद्दल आहे. तंबाखू या देशात पोर्तुगिजांबरोबर आली, बुद्धांनंतर दोन हजार वर्षांनी. विडी सोडायला रिपोर्टवरचे आकडे पुरेसे आहेत.

त्या भावांनी विडी सोडली ती तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा विडी सोडून तंबाखू-चुना धरला. त्याने धूर गेला, पण निकोटिन राहिले आणि बीपीचा चढउतार तसाच राहिला. दुसऱ्यांदा वीसवरून पाचवर आले आणि महिन्यात परत वीसवर गेले. तिसऱ्यांदा १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या मोफत सरकारी क्रमांकावर फोन केला, एक तारीख ठरवली आणि डॉक्टरांना विचारून काही आठवडे निकोटिनचे च्युइंगम घेतले. त्यातही निकोटिन असते, पण ते हळू पोचते, धूर नसतो आणि ते पुढे बंद करायचे असते. पहिले चार दिवस चिडचिड भयंकर होती, असे त्यांच्या पत्नी सांगतात. कामावर चहाच्या सुट्टीत विडीवाल्यांपासून लांब बसणे त्यांना सगळ्यात अवघड गेले.

त्याच सुमारास डॉक्टरांनी टेल्मिसार्टन जोडले. हे औषध गाळणीच्या आतला दाब उतरवते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढते. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले तेव्हा ते १.७ आणि ईजीएफआर ४८ होता. घरचे घाबरले, पण एवढी वाढ अपेक्षित असते. अशा वेळी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पोटॅशियमही तपासून घेतले, ते ठीक होते. कंबरदुखीवर दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मात्र बंद झाल्या, कारण त्याही किडनीला मारतात.

वर्ष झाले. ईजीएफआर ४८ च आहे. एसीआर ४२० वरून १६० वर आला. यात विडी सोडल्याचा वाटा किती आणि नव्या गोळीचा किती, हे एका माणसावरून वेगळे काढता येणार नाही. गेलेल्या गाळण्या परत आल्या नाहीत, येणारही नाहीत. पण वर्षाला आठने उतरणारा आकडा थांबला आहे. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होते हे खरे, पण आठवड्याला बहुधा तीन दिवस, दर वेळी चार तास खुर्चीला बांधलेला माणूस रंगकाम कसे करील, याचे उत्तर कुठल्याच योजनेत नाही.

मागच्या तपासणीला हे भाऊ आमच्याबरोबर टेबलावर बसले होते. रांगेतल्या प्रत्येकाला ते एकच विचारत होते, "शेवटची कधी ओढली?" निम्म्या लोकांनी दाराकडे बोट दाखवले.