“आम्ही सुरक्षित आहोत ना?”

खानापूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी आम्हांला आपल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसी शेड्यूलचा फोटो मोबाइलवर पाठवला. खाली एकच ओळ होती : “आम्ही सुरक्षित आहोत ना?” घाईत ‘होय’ म्हणून मोकळे होणे सोपे होते, पण असे उत्तर कोणीही देऊ नये, असे आमचे मत आहे.

त्या पानावर मोठ्या अक्षरांत विम्याची रक्कम होती, ३ लाख रुपये. सर्वांची नजर तिथेच थांबते. त्याखाली बारीक ओळ होती : खोलीभाडे दिवसाला रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. ही ओळ केवळ खोलीपुरती नसते. समजा, ५,००० रुपयांची खोली घेऊन चार दिवस राहिलात. भाडे २०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रिया व शुश्रूषा ६०,०००, औषधे व तपासण्या २०,०००, असे बिल एक लाखाचे झाले. खोली मर्यादेबाहेरची म्हणून अशा पॉलिसीत पहिल्या दोन्ही रकमांचे पाचास तीन या प्रमाणातच पैसे मिळतात, म्हणजे १२,००० व ३६,०००. औषधे व तपासण्यांना ही कपात लागत नाही. मिळाले एकूण ६८,०००.

फोटोची खालची कडा कापली गेली होती. आम्ही पूर्ण पान मागवले, तेव्हा तिथे ‘को-पेमेंट १० टक्के’ असे निघाले. म्हणजे हाती ६१,२०० रुपये. उरलेले ३८,८०० घरचे. तीच शस्त्रक्रिया ३,००० च्या खोलीत झाली असती, तर भाड्याचे १२,००० धरून ९२,००० चे बिल होऊन, को-पेमेंटचे ९,२०० तेवढे घरचे गेले असते.

दुसरी गोष्ट तारखेची. पॉलिसी १ जून २०२५ ला प्रथम सुरू झाली होती. अपघात पहिल्या दिवसापासून धरला जातो, इतर आजार तीस दिवसांनंतर. परंतु घरातील आईंना आधीपासून मधुमेह आहे. अशा जुन्या आजारासाठी या पॉलिसीत ३६ महिने थांबावे लागते. तेही पॉलिसीत खंड न पडता. मोतीबिंदू, हर्निया यांची मुदत वेगळी असते, आणि ती शेड्यूलवर नव्हे, नियमपुस्तिकेत सापडते.

त्याहून गंभीर म्हणजे, आईंच्या नावापुढे ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ असे छापले होते. अर्ज एजंटाने भरला, यांनी सही केली. आजार लपवला, या कारणावरून पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो. कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागावी, हप्ता वाढला तरी चालेल, असे आम्ही सुचवले.

म्हणून त्या बंधूंना आम्ही लिहिले : “अपघातात बऱ्याच अंशी सुरक्षित, नव्या आजारात ३,००० च्या खोलीत राहाल तर बरेचसे, आईंच्या मधुमेहाबाबत २०२८ च्या जूनपर्यंत नाही, आणि तो रकाना दुरुस्त केल्याशिवाय तर नाहीच.” उत्तर त्यांना रुचले नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते कंपनीच्या कचेरीत गेले.