रात्रीचे नाव, दिवसाचे नाव



गेल्या दिवाळीत धाराशिवमधील एका अडत व्यापारी स्नेह्यांनी मला घरी बोलावले. त्यांचे चिरंजीव तीन वर्षांपासून पुण्यात कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतात. अमेरिकेतील विमा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणे हे त्यांचे काम. त्यांना आता दुसरीकडून दीडपट पगाराचे बोलावणे आले होते. “साहेब, तुम्ही आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे तपासलीत, एवढे पत्र नजरेखालून घाला,” असे वडील म्हणाले.

पत्र उघडण्यापूर्वी मी मुलाला त्याचा दिनक्रम विचारला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते मागे घेते. त्यामुळे हिवाळ्यात तीच पाळी साडेसातला सुरू होते. घरात चौविहार पाळला जातो, आणि मुलानेही तो सोडलेला नाही. हिवाळ्यात तो सूर्यास्तापूर्वी जेवून निघू शकतो. जूनमध्ये मात्र सूर्य मावळतो सातनंतर, आणि त्या वेळी त्याच्या कानाला फोन लागलेला असतो. म्हणून तो साडेचारलाच जेवतो. पाळी पहाटे साडेतीनला संपते, घरी पोहोचेपर्यंत साडेचार होतात, आणि नवकारशीची वेळ सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे पावणेसातच्या सुमारास येते. उपाशी झोपावे की जेवणासाठी जागावे, हा प्रश्न त्याच्यापुढे रोज उभा राहतो. आपल्या पूर्वजांनी रात्रिभोजनत्याग सांगितला तो रात्री झोपणाऱ्या माणसाला. या मुलाचे ते चौदा तास बहुतांशी जागेपणी आणि बोलण्यात जातात. सुट्टीच्या दिवशी तो घरच्यांसाठी पुन्हा दिवसाचा माणूस होतो आणि सोमवारी शरीराला नव्याने रात्र शिकवतो.

वेळेपाठोपाठ नावही बदलते. परक्या ग्राहकाला उच्चारायला सोपे जावे म्हणून अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला इंग्रजी नाव घ्यायला सांगतात. हा मुलगा रात्री ‘केविन’ असतो. एकदा दुपारी आईचा फोन आला तेव्हा झोपेत त्याने तेच नाव सांगितले. आई दोन दिवस अस्वस्थ होती. मी तिला म्हणालो, “वहिनी, नाव उसने असले तरी तो बोलतो त्या विमा कंपनीच्या वतीने, आणि ती कंपनी खरी आहे. व्यापारात मुनीमही पेढीच्या नावानेच बोलतो.”

मग पत्र वाचले. कंपनीचा नोंदणी क्रमांक नव्हता. भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख नव्हता. पगाराचा मोठा भाग रोखीने मिळणार होता. काम काय, असे विचारल्यावर मुलगा हळू आवाजात म्हणाला, “अमेरिकेच्या करखात्यातर्फे थकबाकीची वसुली.”

मला ऑक्टोबर २०१६ मधील मीरा रोडचे प्रकरण आठवले. ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले आणि सुमारे सत्तर जणांना अटक केली. त्यांत बहुतेक मुले विशीतली होती. अमेरिकन करखात्याचे अधिकारी म्हणून ते फोन करीत, अटकेची भीती घालीत आणि पैसे गिफ्ट कार्डांच्या रूपाने मागत. गिफ्ट कार्डच का, हे बँकेतल्या माणसाला लगेच उमगते. खात्यात पैसे गेले तर खातेदाराचे नाव उरते आणि तक्रार येताच ते खाते गोठवता येते. कार्डावरचा क्रमांक फोनवर एकदा वाचून दाखवला की तो जगात कुठेही काही मिनिटांत वापरता येतो आणि मागे खातेदार उरत नाही.

केविन हे नाव आणि करखात्याचा अधिकारी हे नाव यांत हाच फरक आहे. पहिल्याने ग्राहकाचे काहीच जात नाही. दुसऱ्याने त्याचा पैसा भीती दाखवून काढून घेतला जातो. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अणुव्रतांचा भंग तेथे एकाच वाक्यात होतो.

मुलाला मी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. कंपनीचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत सापडते का? तेथे आधीपासून काम करणाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दरमहा मालकाचा हिस्सा जमा दिसतो का? आणि ग्राहकाशी बोलण्याचा जो ठरावीक मजकूर देतात तो कोणाच्या नावाने आहे, आणि त्या संस्थेने खरोखर हे काम सोपवले आहे का? आठवड्याने त्याचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले नव्हते आणि तिसरा विचारताच समोरच्याने फोन ठेवला होता.

तो जुन्याच नोकरीत आहे. वडिलांना वाटते, त्याने आता अडत दुकानात बसावे. मुलगा म्हणतो, दोन वर्षे थांबा. तो निर्णय त्या दोघांचा आहे. मी इतकेच सुचवले की उन्हाळ्यात तो पहाटे घरी येईल तेव्हा दूध आणि नाश्ता झाकून ठेवलेला असावा. आता त्याची आई जूनपासून पुण्याला राहायला जाते आणि पावणेसातला त्याच्यासोबत बसून चहा घेते. त्या वेळी ती त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते.