दहावीच्या मुलीची कविता तपासताना लाल पेन बाजूला ठेवा

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, पूर्वपरीक्षा जवळ आली की वहीच्या मागच्या पानांवर कविता उगवतात. आपण त्या दोनच प्रकारे वाचतो. एक तर "वा, छान!" म्हणून परत देतो, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देतो. माझ्या मते दोन्हींत मुलाच्या हाती काही लागत नाही.

मी प्राथमिकला शिकवते. चौथीत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी आता दहावीत आहे. तिने परवानगी दिली म्हणून तिची कविता इथे देते. पहिला खर्डा असा होता :

अपेक्षांचं ओझं खांद्यावर,
स्वप्नांचे पंख छाटले गेले,
आयुष्याच्या या शर्यतीत
मी एकटीच हरत चालले.
घरात कुणी मोठ्याने बोलत नाहीये आता.

शेवटची ओळ तिने खोडली होती. का, तर म्हणे "यमक जुळत नव्हतं". आता तुम्हीच बघा, पाचांपैकी तीच एक ओळ तिची आहे. वरच्या चार ओळी स्टेटसवरून, भाषण स्पर्धेतून, कुठल्या तरी निबंधातून आल्यात. तिचं दुःख खोटं आहे असं मात्र समजू नका. भावना तिचीच आहे, फक्त शब्द उसने आणलेत.

उसनी ओळ ओळखायची माझी रीत साधी आहे. ही ओळ शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या कवितेत तशीच चालेल का? चालत असेल तर ती उसनी. आणि दुसरं, ओळीतली वस्तू तिच्या घरात आहे का? पंख नाहीत, शर्यतही नाही. गप्प घर आहे.

म्हणून मी "हे घासून गुळगुळीत झालंय, बदल" असं म्हटलं नाही. असं म्हटलं की मूल दुसरी उसनवारी करतं, ओझ्याच्या जागी पिंजरा येतो. मी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "कोण बोलत नाही? मग ते काय करतात?" आपण शब्द सुचवायचा नाही, हे इथे फार महत्त्वाचं. आपण सुचवलेला शब्दही तिला उसनाच. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग सांगत सुटली. मी म्हटलं, जसं सांगितलंस तसंच लिही, यमक राहू दे. दुसरा खर्डा :

बाबा मॅच आवाज बंद करून बघतात.
चौकार गेला की नुसता हात वर करतात.
आजी खोकला पदरात दाबते.
सगळं घर माझ्यासाठी गप्प आहे
आणि मला प्रमेय आठवत नाहीये.

'ओझं' हा शब्द कुठेच नाही, पण आजीच्या खोकल्यात ते आहे की नाही सांगा! पहिल्या खर्ड्यात घरच्यांवर आरोप होता. दुसऱ्यात माया आहे, आणि त्या मायेचाच ताण आहे. हे तिला आधीपासून ठाऊक होतं, 'पंख छाटले' म्हटल्यावर ते झाकलं गेलं. 'नाहीये'चं 'नाही' मी केलं नाही. ती तसंच बोलते.

सगळेच नेहमीचे शब्द काढायचे असं नाही हं. एखाद्या मुलाला खरोखर छातीवर ओझं जाणवत असेल, तर 'ओझं' राहू दे. विचारा, कुठे जाणवतं, कधी जाणवतं. उत्तर आलं तर शब्द त्याचा आहे.

आता आपल्या एका सवयीबद्दल. भित्तिपत्रकासाठी कविता घेतली की आपण म्हणतो, "शेवट जरा सकारात्मक कर." मग 'पण मी जिंकणारच' अशी ओळ चिकटते. ही सगळ्यात उसनी ओळ, आणि ती मोठ्यांनी दिलेली असते. प्रमेय आठवत नाही इथे कविता थांबली, तर थांबू द्या.

एक गोष्ट मात्र वेगळी. 'सगळं संपवावं', 'मी नसते तर बरं' अशी ओळ दिसली तर ती उसनी की स्वतःची हे तपासत बसू नका. कविता बाजूला ठेवा, मुलाला एकटं गाठून सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांकही आहे.

आणि पालकहो, अशी कविता हाती आली तर "आम्ही तुझ्यासाठी इतकं करतो आणि तू हे लिहितेस?" असं म्हणू नका. पुढची कविता तुम्हाला दिसणार नाही. कुणाला दाखवायची हेही तिलाच ठरवू द्या. या मुलीने बाबांना दाखवली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या मॅचला टीव्हीचा आवाज थोडा होता, असं तिने मला सांगितलं.