दहा सेकंदांचे बघणे

अपघाताच्या बातमीत एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते: ‘घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी जमली होती.’ या वाक्यातला बघ्या पायी चालणारा असतो. तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि पोलिसांनी काठी आपटली की पांगतो. परंतु आज आणखी एका बघ्याचा विचार करायला हवा, तो म्हणजे चाकांवरचा बघ्या. हा गाडीतून उतरत नाही की गाडी थांबवतही नाही. अपघाताचे ठिकाण आले की पाय ब्रेकवर जातो, मान वळते, डोळे विस्फारतात. आणि पोटभर बघून झाले की स्वारी पुढे निघून जाते. त्याच्या लेखी ही दहा सेकंदांची गोष्ट असते, पण त्याच्या मागे मैलभर गाड्यांची रांग लागलेली असते.

साजगाव-खोपोलीच्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. बोरघाट आपल्या उशाशी आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता आपल्याच दारावरून जातो, आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही आपल्याच तालुक्यातून घाट चढतो. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंगरोबाच्या देवळाजवळ बस दरीत कोसळून तेरा माणसे गेली. हे दुःख अजून ताजे आहे. अशा भागात राहणाऱ्यांनी तरी ‘लोक बघतात का’ आणि ‘बघण्याने नेमके काय बिघडते’ हे दोन प्रश्न नीट सोडवून पाहिले पाहिजेत.

पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर आहे. ‘माणुसकीच उरली नाही हो!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर पटत नाही. बघण्याची ओढ आजकालची नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये लिऑन्शियस नावाच्या एका माणसाची हकिगत सांगितली आहे. रस्त्याने जाताना त्याला वधस्थानाजवळ प्रेते पडलेली दिसतात. बघावेसे वाटते, किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, आणि शेवटी हरून धावत जाऊन स्वतःच्याच डोळ्यांवर संतापतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या गोष्टीत मोटार नव्हती, पण बघ्या होता, आणि तो दुष्टही नव्हता.

ही ओढ थोडी उपयोगाचीही आहे. जिथे दुसऱ्याला इजा झाली तिथे आपल्यालाही होऊ शकते, म्हणून धोक्याकडे आधी पाहायचे, ही प्राणिमात्राची सवय आहे. शिवाय आपल्या भागात आणखी एक साधे कारण असते. उलटलेली एस.टी. कोणत्या डेपोची, चेपलेल्या गाडीची नंबरपाटी आपल्याकडची तर नाही, आत कोणी ओळखीचे तर नाही, ही धास्ती. तेव्हा पहिली नजर जाते ती निसर्गानेच जाते. तिच्याबद्दल कोणाला फासावर देण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्या नजरेपाठोपाठ ब्रेकवर जाणाऱ्या पायाचा.

येथे कोणी म्हणेल की अपघात झाला की रस्ता अडतोच. काचा पडलेल्या असतात, एखादी लेन बंद असते, मग वेग कमी करणे शहाणपणाचेच नाही का? अगदी खरे आहे. अपघात ज्या बाजूला झाला त्या बाजूची संथ गती ही बरीचशी सावधगिरी असते. म्हणूनच बघण्याचा दोष तपासायचा तर दुभाजकापलीकडे बघावे. अपघात पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे. मुंबईकडे येणाऱ्या बाजूच्या सर्व लेन मोकळ्या आहेत. काच नाही, तेल नाही, पोलीस नाही. तरीही तिथल्या गाड्या नेमक्या त्याच जागी मुंगीच्या पावलाने चालतात आणि ती जागा ओलांडताच भरधाव सुटतात. हा खोळंबा केवळ बघण्याचा. हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी हेलिकॉप्टरमधून अशा प्रसंगांचे चित्रीकरण केले व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपघाताच्या विरुद्ध बाजूचा रस्ता पूर्ण मोकळा असूनही त्याची वाहतूक वाहून नेण्याची ताकद सुमारे निम्म्यावर आली होती!

नुसत्या मान वळवण्याने एवढा फरक कसा पडतो? कार्तिकात आपल्याकडे विठोबाची यात्रा भरते. तिथे सुक्या बोंबलांच्या ढिगापुढे एखादा भाव करत थांबला तर मागची माणसे त्याला वळसा घालून जातात. गर्दी पाण्यासारखी वाहत राहते. रस्त्यावरची लेन ही मात्र नळी आहे. तिच्यात पुढचा हळू झाला की मागच्याला हळू व्हावेच लागते. शिवाय बघून झाल्यावरही बघ्याची गाडी पुढच्या गाडीपासून मागे राहिलेली असते. म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर वाढते, आणि ते रिकामे अंतर वाया गेलेला रस्ता असतो.

आता थोडा हिशोब मांडू. आकडे सोयीसाठी गृहीत धरले आहेत, पण वास्तवाला सोडून नाहीत. एका लेनमधून मिनिटाला जास्तीत जास्त ३० गाड्या जाऊ शकतात असे समजा, म्हणजे दर दोन सेकंदांना एक. प्रत्यक्षात येत आहेत मिनिटाला २५. सारे सुरळीत आहे. इतक्यात पलीकडच्या बाजूला अपघात होतो. अलीकडचा प्रत्येक चालक बघू लागतो व लेनची ताकद निम्मी होऊन मिनिटाला १५ गाड्याच सुटू लागतात. म्हणजे दर मिनिटाला १० गाड्या मागे साठतात. पलीकडची वाहने अर्ध्या तासात हलवली गेली, तोवर इकडे ३०० गाड्यांची रांग झाली.

आपण समजतो की बघण्यासारखे संपले, म्हणजे खोळंबाही संपला. तसे होत नाही. आता मिनिटाला ३० गाड्या सुटतात खऱ्या, पण २५ नव्या येतच आहेत. म्हणून रांग मिनिटाला केवळ ५ गाड्यांनी आटते. ३०० ची रांग संपायला आणखी पुरता एक तास लागतो. अर्ध्या तासाच्या बघण्याने दीड तासाचा खोळंबा!

या दीड तासात २,२५० गाड्या अडकल्या. त्यांपैकी अपघात दिसला तो पहिल्या अर्ध्या तासात सुटलेल्या ४५० गाड्यांना. उरलेल्या १,८०० गाड्यांनी काहीच पाहिले नाही. त्यांना आपण का थांबलो हेही कळले नाही. सर्वांचा वाया गेलेला वेळ एकत्र केला तर तो २२५ तास होतो, आणि हे एकाच लेनमध्ये. त्या १,८०० गाड्यांत कोणी परीक्षेला निघालेला असेल, कोणी विमान गाठायला, कोणी बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात.

मग हे टाळत का नाहीत? येथे थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा विचार मोलाचा आहे. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दहा सेकंदांच्या दृश्यासाठी दहा मिनिटे रांगेत थांबाल का, असे घरी बसलेल्या माणसाला विचारले तर तो साफ नाही म्हणेल. पण रस्त्यावर हा प्रश्न अशा रीतीने कोणाला विचारलाच जात नाही. अपघाताजवळ पोचेपर्यंत प्रत्येकाची दहा मिनिटे आधीच गेलेली असतात. आता न बघण्याने ती परत मिळणार नाहीत. बघायला मात्र दहाच सेकंद लागतात, आणि त्यांची किंमत मागचे भरणार असतात. म्हणून प्रत्येक जण मनाशी म्हणतो, ‘एवढा वेळ गेलाच आहे, तर बघून तरी घेऊ.’ पुढच्यांनी त्याच्याकडून जी पट्टी वसूल केली, तीच तो मागच्यांकडून वसूल करतो. यात कोणी मूर्ख नाही, कोणी दुष्ट नाही, तरीही सर्वांचे नुकसान होते.

नुकसान केवळ वेळेचे असते तर मी लेखणी उचलली नसती. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. तेवढा वेळ मान बाजूला वळलेली आणि पुढच्या बघ्याने ब्रेक दाबलेला, अशाने एका अपघाताचे दोन होतात. आपल्या घाटातून तर रसायनांचे टँकर अहोरात्र जातात. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ पुलावर एका टँकरला आग लागली, पेटते रसायन खालच्या रस्त्यावर सांडले, आणि एकूण चौघांचा बळी गेला. उलटलेल्या टँकरमध्ये काय भरले आहे हे काचेतून बघणाऱ्याला समजत नसते. तिथे रेंगाळणे म्हणजे कुतूहलासाठी जीव गहाण टाकणे होय.

यावर एक आक्षेप मोठा आहे, आणि तो मला मान्य आहे. बघणाऱ्यांतूनच मदत करणारा निघतो. सगळेच मान खाली घालून निघून गेले तर जखमीला उचलणार कोण? या घाटात पोलिसांच्या आधी धावणारे हात पुष्कळदा स्थानिकांचेच असतात. पण मदत करणारा काय करतो ते पाहा. तो गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतो, धोक्याचे दिवे लावतो, उतरतो. चालत्या गाडीतून मान वळवणाऱ्याने आजवर कोणाचे रक्त थांबवलेले नाही. आणि दुभाजकापलीकडच्या बघ्याला तर तिथे पोचताही येत नाही. शिवाय ‘नसती पोलिसांची कटकट’ ही सबबही आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

म्हणून माझे मत असे की, केवळ उपदेशाने हा रोग बरा होणार नाही, कारण दोष स्वभावापेक्षा हिशोबाचा आहे. जो खर्च करतो त्याला तो दिसत नाही. इंग्लंड-हॉलंडात अपघाताभोवती उंच पडदे उभारतात. दिसलेच नाही तर रेंगाळायचे कशाला! त्यात अपघातग्रस्तांची लाजही राखली जाते. पडदा आणून उभा करायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटांत हलणाऱ्या गाडीसाठी तो निरुपयोगी आहे. घाटातल्या वाऱ्यात तो टिकवणेही सोपे नाही. पण जिथे क्रेनचे काम तासन् तास चालते तिथे महामार्ग पोलिसांनी हा प्रयोग करून पाहायला हरकत नसावी.

तोवर उपाय आपल्याच पायाशी आहे. नजर जाईल, जाऊ द्या. त्या एका नजरेत एवढेच ठरवावे की आपली गरज आहे का? असेल तर गाडी बाजूला घेऊन पुरते थांबावे. नसेल तर पुढच्या गाडीवर डोळे ठेवून तिच्याबरोबर चालावे. अर्धवट थांबणे तेवढे टाळावे, कारण त्यात जखमीला मदत नाही आणि मागच्याला वाट नाही.